‘पाटलांनी’ की ‘पाटील यांनी’? दस्तातल्या नावांना प्रत्यय लावताना

आधी हे एक वाक्य वाचा. यातली माणसे आणि गट क्रमांक केवळ उदाहरणापुरते आहेत, पण अशा घडणीची वाक्ये नाशिकमध्ये तयार होणाऱ्या हक्कसोडपत्रांत, खरेदीखतांत आणि प्रतिज्ञापत्रांत नेहमी दिसतात.

> मयत काशिनाथ पाटलाचे वारस रमेश आणि सुनिता ची मुलगी पार्वती यांनी पळशातील गट नं. १४७ या वारसाने आलेल्या जमीन वरील हक्क लिहून घेणार चे लाभात सोडला आहे.

आता सांगा, हक्क कोणी सोडला?

एक अर्थ असा निघतो की वारस दोन आहेत. एक रमेश आणि दुसरी पार्वती, जी सुनीताची मुलगी आहे. हक्क दोघांनी सोडला. दुसरा अर्थ असा की वारस एकच आहे, पार्वती, आणि ती रमेश व सुनीता या दोघांची मुलगी आहे. मग हक्क तिने एकटीने सोडला आणि रमेशचे नाव फक्त तिचे वडील म्हणून आले. पहिल्या अर्थाने रमेशचा हिस्सा गेला, दुसऱ्या अर्थाने वाक्यात त्याच्या हिश्शाचा विषयच नाही. ‘यांनी’ हे रूप अनेकवचनी आहे म्हणून माणसे दोन असली पाहिजेत, असे म्हणता येत नाही, कारण एकट्या पार्वतीबद्दल आदराने लिहितानाही ‘यांनी’च येते. ‘पाटलाचे वारस’ यातल्या ‘चे’बद्दलही तेच.

हा सगळा गोंधळ ‘ची’ या एका प्रत्ययाने केला आहे. तो कोणत्या नावाचा, फक्त सुनीताचा की ‘रमेश आणि सुनीता’ या जोडीचा, हे वाक्यात ठरलेलेच नाही. वर तो नावापासून तोडून लिहिला आहे, त्यामुळे तो कोणाच्याही वाट्याला जाऊ शकतो.

दस्तात अशी जागा राहिली की पुढे ‘आम्हाला असे म्हणायचे होते’ हे सांगून भागत नाही. दस्ताची भाषा वरकरणीच संदिग्ध किंवा सदोष असेल, तर तिचा अर्थ दाखवण्यासाठी किंवा उणीव भरून काढण्यासाठी बाहेरचा पुरावा देता येत नाही, अशी तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ९३ मध्ये होती. तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला, त्यातही ही तरतूद कायम आहे. म्हणून वाक्य लिहितानाच ते एकाच अर्थाचे करावे लागते.

मराठीत दोन वाटा आहेत

मराठीत नामाला ने, ला, चा, त, हून असे विभक्तिप्रत्यय किंवा वर, साठी, कडून, विरुद्ध, पैकी, मार्फत अशी शब्दयोगी अव्यये लावायची झाली तर दोन रीती आहेत.

पहिली रीत अशी की नाम आधी आपले रूप बदलते आणि मग प्रत्यय त्याला चिकटतो. या बदललेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात. जमीन, जमिनीवर. दावा, दाव्यात. वकील, वकिलामार्फत. उतारा, उताऱ्यावरून. रूप बदलणे आणि जोडून लिहिणे ही एकच क्रिया आहे, तिचे दोन तुकडे करता येत नाहीत.

दुसऱ्या रीतीत नामाला हातच लावायचा नाही. ते आहे तसे लिहायचे, त्याच्यानंतर ‘हा’, ‘ही’, ‘हे’ या सर्वनामाचे रूप किंवा ‘येथे’चे रूप ठेवायचे आणि प्रत्ययाचा भार त्याच्यावर टाकायचा. रमेश काशिनाथ पाटील यांनी. मौजे पळसे येथील. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १४९ प्रमाणे. इथे ‘यांनी’ किंवा ‘हिच्या’ हे स्वतंत्र शब्द आहेत. त्यांच्या पोटात प्रत्यय आधीच आहे, म्हणून ते नावापासून सुटे लिहायचे.

कायद्याच्या लिखाणात माझी रीत ठरलेली आहे. सामान्यनामांना पहिली वाट, आणि माणसांची नावे, गावांची नावे, कायद्यांची नावे यांना दुसरी वाट. तिसरी वाट, म्हणजे नाम न बदलता त्याच्यापुढे सुटा प्रत्यय ठेवणे, जसे ‘सुनिता ची’, ‘जमीन वरील’, ‘घेणार चे’, ही मराठीत नाहीच. दस्तात होणाऱ्या बहुतेक चुका याच तिसऱ्या वाटेने येतात.

ती वाट इतकी रुळली कशी, याची कारणे उघड आहेत. हिंदीत नामापुढचे ‘ने’, ‘को’, ‘का’ सुटे लिहितात आणि ती सवय मराठी टंकलेखनात उतरली आहे. दुसरे कारण म्हणजे तयार नमुने. ‘श्री. ________ ने’ असा रकाना छापून ठेवला की नाव भरल्यावर ‘ने’ सुटाच राहतो. मोडीत मजकूर सलग लिहीत, शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे जुने दस्त पाहून कोणता तुकडा कुठे जोडायचा हे शिकता येत नाही. नमुना तयार करायचाच असेल तर ‘श्री. ________ यांनी’ असा करावा. त्यात कोणतेही नाव भरले तरी वाक्य बरोबर राहते.

नाव जसेच्या तसे का ठेवायचे

‘पाटलाचे’ या शब्दात व्याकरणाची चूक नाही. पाटील या शब्दाचे सामान्यरूप पाटला होते आणि ‘पोलीस पाटलांनी पंचनामा केला’ हे उत्तम मराठी आहे. पण तिथे पाटील हे पद आहे. आपल्या वाक्यात ते आडनाव आहे आणि दस्तातले आडनाव सातबाऱ्यावरच्या, आधार कार्डावरच्या आणि आधीच्या खरेदीखतातल्या आडनावाशी अक्षरशः जुळावे लागते. ‘काशिनाथ पाटलाचे’ वाचून काशिनाथ हे गावचे पाटील होते की त्यांचे आडनाव पाटील होते, हे कळत नाही. ‘काशिनाथ नामदेव पाटील यांचे’ असे लिहिले की प्रश्न उरत नाही. कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही आडनावेही मूळची पदेच, त्यांनाही हेच लागू.

एकारान्त आडनावांत अडचण वेगळी असते. शिंदे यांचे रूप कोणी ‘शिंद्यांनी’ करतो, कोणी ‘शिंदेंनी’. मोरे यांचे ‘मोऱ्यांनी’ होते, बोरसे यांचे ‘बोरशांनी’. बोलण्यात ही रूपे गोड लागतात आणि ती टिकावीत असे मला वाटते. पण दस्त वाचणारा माणूस त्या कुटुंबाला ओळखणारा असेलच असे नाही. तीस वर्षांनी शोध घेणाऱ्या वकिलाला ‘बोरशांनी’ या रूपावरून मूळ आडनाव ओळखायला लावणे योग्य नाही.

गावांच्या नावांत हे आणखी स्पष्ट दिसते. पळसे हे नाशिक तालुक्यातले गाव. त्याचे ‘पळशात’ होते, कोणी ‘पळश्यात’ लिहितो. पण पळशी नावाची गावेही महाराष्ट्रात आहेत, त्यांचे ‘पळशीत’ होते. एक वेलांटी इकडची तिकडे झाली की गाव बदलले. येवल्याचे उदाहरण तर फार बोलके आहे. हे नाव ‘येवला’ असेही लिहितात आणि ‘येवले’ असेही. ‘येवल्यात’ हे रूप दोन्हींपासून सारखेच होते, म्हणजे एकदा प्रत्यय लावला की मूळ कागदावर काय होते ते परत काढता येत नाही. सटाणा आणि सटाणे यांचेही तसेच, दोन्हींचे ‘सटाण्यात’. महसुली कागदांत ‘मौजे पळसे, तालुका व जिल्हा नाशिक येथील’ असे लिहिण्याची जुनी पद्धत आहे. ती केवळ सरकारी थाट म्हणून आलेली नाही, तिच्यामुळे गावाचे नाव अखंड राहते.

आता ऱ्हस्व-दीर्घाचा भाग, कारण तो नावांच्या बाबतीत सर्रास चुकतो. मराठी साहित्य महामंडळाचे जे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, त्यांनुसार शब्दाचे शेवटून दुसरे अक्षर दीर्घ ई किंवा ऊ असेल तर सामान्यरूपात ते ऱ्हस्व होते. वकील, वकिलाला. जमीन, जमिनीचा. विहीर, विहिरीत. पोलीस, पोलिसांनी. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद आहेत, म्हणून ‘शरीरावर’ असेच लिहायचे.

या नियमाचा अर्धाच भाग लक्षात ठेवून अनेक जण ‘सुनिलने’, ‘सातपुरला’ असे लिहितात. इथे थोडे थांबून पाहावे. ऱ्हस्व होते ते सामान्यरूपात, म्हणजे शब्दाच्या शेवटी आ, ई, ए असा स्वर येऊन रूप बदलते तेव्हा. ‘सातपुरात’ या शब्दात सातपूरचे ‘सातपुरा’ झाले आहे, म्हणून पु ऱ्हस्व. ‘सातपूरला’ या शब्दात रूप बदललेलेच नाही, प्रत्यय थेट लागला आहे, म्हणून पू दीर्घच राहतो. ‘सुनीलने’ यातला नी तसाच दीर्घ. आणि ‘सुनील यांनी’ लिहिले तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

पण एक गोष्ट नियमापेक्षाही वरची आहे. सातबाऱ्यावर किंवा ओळखपत्रावर नाव ‘सुनिल’ असे ऱ्हस्व असेल, तर दस्तात ते तसेच लिहायचे. ते शुद्धलेखनाने बरोबर आहे की नाही, हे ठरवणे मसुदा लिहिणाऱ्याचे काम नाही. नाव ही ओळख आहे, ती दुरुस्त करायला घेतली की एकाच माणसाची कागदावर दोन माणसे होतात. दोन कागदांवर दोन रूपे असतील तर ‘सुनिल ऊर्फ सुनील’ असे दोन्ही नोंदवून पुढे जावे.

मूळ नाव अखंड ठेवण्याचे आणखी एक व्यावहारिक कारण आहे, आणि ते संगणकामुळे आले आहे. जुन्या दस्ताची फाइल उघडून पक्षकारांची नावे बदलायची आणि नवा दस्त करायचा, ही पद्धत सगळीकडे आहे. समजा जुन्या फाइलमधले ‘पाटील’ शोधून सगळीकडे ‘शिंदे’ करण्याची आज्ञा दिली. संगणक ‘पाटील’ या अक्षरांचा शोध घेतो. ‘पाटलांच्या’ या शब्दात ती अक्षरे नाहीत. त्यामुळे तिसऱ्या पानावरचे ‘पाटलांच्या मालकीची’ जसेच्या तसे राहते, आणि शिंदे यांच्या खरेदीखतात मालकी कोणा पाटलांची आहे असे विधान जाते. ‘पाटील यांच्या मालकीची’ असे लिहिलेले असते तर ते आपोआप बदलले असते.

सुटा ‘वर’ आणि सुटा ‘खाली’

आता आपल्या वाक्यातले ‘जमीन वरील हक्क’ पाहू. ‘वरील’ हा शब्द मराठीत दोन कामे करतो. नामाला जोडला तर त्याच्यावरचा: जमिनीवरील हक्क, म्हणजे जमिनीवर असलेला हक्क. सुटा लिहिला तर मागे सांगितलेला: वरील हक्क, म्हणजे आधीच्या परिच्छेदात वर्णन केलेला हक्क. आधीच्या परिच्छेदात वहिवाटीच्या रस्त्याचा हक्क सांगितला असेल, तर ‘जमीन वरील हक्क सोडला’ या वाक्यात जमिनीचा हक्क सोडला की रस्त्याचा, यावर भांडायला जागा मिळते. ‘खालील’, ‘मागील’, ‘पुढील’, ‘समोरील’ हे सगळे शब्द याच जातीचे आहेत. दस्तात ‘खालील’ म्हणजे खाली नमूद केलेला आणि ‘घराखालील’ म्हणजे घराच्या खालचा. ‘घर खालील जागा’ असे लिहिले तर दोन्ही अर्थ उभे राहतात. इथे जागा सोडली की शब्दाचे कामच बदलते, म्हणून याकडे केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न म्हणून पाहू नये.

मग शब्दयोगी अव्यय ‘यांच्या’नंतर आले तर? तिथेही जोडायचेच: यांच्याकडून, यांच्याविरुद्ध, यांच्यामार्फत, यांच्यासाठी. पण ‘यांच्या वतीने’, ‘यांच्या नावे’, ‘यांच्या लाभात’, ‘यांच्या ताब्यात’ हे सुटे. फरक ओळखायची खूण सोपी आहे. दुसऱ्या शब्दाच्या पोटात स्वतःचा प्रत्यय दिसतो का ते पाहायचे. लाभ आणि त, ताबा आणि त, नाव आणि ए. प्रत्यय दिसला तर ते स्वतंत्र नाम आहे, त्याला त्याची जागा द्यायची. ‘विरुद्ध’, ‘मार्फत’, ‘साठी’ यांच्यात तसा प्रत्यय नाही, ती अव्यये आहेत, ती जोडायची.

वारस, वारसा आणि अनुस्वार

‘वारसाने आलेल्या जमिनीवरील’ इथे आणखी एक खोच आहे. वारस म्हणजे हक्काचा माणूस, त्याचे रूप ‘वारसाने’. वारसा म्हणजे त्याला मिळालेली परंपरा किंवा मालमत्ता. शेवटी ‘सा’ असलेल्या पुल्लिंगी शब्दाचा सामान्यरूपात ‘शा’ होतो, जसे पैसा आणि पैशाने, घसा आणि घशाला, म्हणून ‘वारसा’ या शब्दाचे ‘वारशाने’. जमीन वारशाने मिळते आणि वारसाने विकली जाते. ‘वारसाने मिळालेली जमीन’ असे लिहिले तर वाचणारा समजून घेतो, पण त्याच परिच्छेदात वारसांच्या नावांची यादी असेल तर कोणत्या वारसाकडून मिळाली, असा वाकडा प्रश्न विचारता येतो. ज्याला खात्री वाटत नाही त्याने ‘वारसाहक्काने’ लिहावे, तो शब्द निःसंदिग्ध आहे.

या शब्दाचे तिसरे रूप ‘वारसांनी’. एका अनुस्वाराने एक वारस अनेक होतात, आणि ‘ने’चा ‘नी’ही होतो. ‘वारसाला नोटीस दिली’ आणि ‘वारसांना नोटीस दिली’ या दोन वाक्यांत किती माणसांना नोटीस मिळाली, हा कायद्याचा प्रश्न आहे. फौजदारी कागदांत ‘आरोपीने’ आणि ‘आरोपींनी’ यांतला फरक त्याहून गंभीर आहे. चार आरोपी असलेल्या फिर्यादीत ‘आरोपीने मारले’ असे आले की नेमके कोणी, हे विचारले जाणारच. नामाच्या अनेकवचनी रूपाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लावताना अनुस्वार द्यायचा, हा नियम म्हणूनच काटेकोर पाळायला हवा: वारसांपैकी, वादींविरुद्ध, साक्षीदारांसमक्ष.

अडचण अशी की तोच अनुस्वार आदरासाठीही येतो. तहसीलदारांनी आदेश दिला म्हणजे तहसीलदार एकच. ‘लिहून देणार यांनी रक्कम स्वीकारली’ या वाक्यात देणारा एक आहे की तीन, हे ‘यांनी’ सांगत नाही. मराठीचा हा स्वभावच आहे आणि तो बदलायचा नाही. आदर काढून ‘याने’ लिहिणे हा उपाय मला मुळीच पटत नाही, कारण आपल्याकडे वयस्कर माणसाचा दस्तात एकेरी उल्लेख झाला तर त्याला तो अपमान वाटतो आणि वाटायलाच हवा. उपाय संख्येचा आहे. पक्षकारांना क्रमांक द्यायचे आणि प्रत्येक वाक्यात ते वापरायचे: लिहून देणार क्रमांक १ यांनी, लिहून देणार क्रमांक १ ते ३ या तिघांनी. ‘दोघांनी’, ‘तिघांनी’, ‘चौघांनी’ या शब्दांचा दस्तात फार उपयोग होतो. त्यांच्यात संख्या आणि प्रत्यय एकत्र असतात आणि आदराचा प्रश्न येत नाही.

एक प्रत्यय, दोन नावे

आपण सुरुवातीच्या गोंधळाकडे परत येतो, कारण तो सर्वांत महाग पडणारा आहे. दोन नावे ‘आणि’ने जोडली आणि प्रत्यय शेवटी एकदाच दिला, तर मराठीत तो साधारणपणे दोघांचा मानला जातो. ‘रमेश आणि सुनीता यांची जमीन’ म्हणजे दोघांची सामाईक जमीन. ‘रमेश यांची आणि सुनीता यांची जमीन’ म्हटले की प्रत्येकाची वेगळी जमीन मनात येते. सामाईक की स्वतंत्र, हा वाटणीतला मूळ प्रश्न, आणि तो इथे एका ‘यांची’वर तोललेला असतो. म्हणून दोघांची असेल तर ‘या दोघांची सामाईक’ असे उघड लिहावे आणि वेगवेगळी असेल तर प्रत्येक नावापुढे प्रत्यय पुन्हा द्यावा. लिखाण लांबते, कानाला पुनरुक्ती वाटते, तरी दस्तात ती पत्करावी.

नाते सांगणारा मजकूर दोन नावांच्या मधे आला की धोका वाढतो. ‘रमेश आणि सुनीता यांची मुलगी पार्वती यांनी’ असे शुद्ध, जोडून, ‘यांची’ घालून लिहिले तरी दोन्ही अर्थ राहतात. उलट अशा रचनेत पार्वती दोघांची मुलगी हा अर्थच जास्त ओढला जातो. म्हणजे शुद्धलेखन सुधारून हे वाक्य सुधारत नाही, त्याची मांडणीच बदलावी लागते. आधी ज्याने कृती केली त्याचे नाव, मग त्याचे नाते, असा क्रम ठेवायचा.

समजा खरी परिस्थिती अशी आहे की सुनीता ही काशिनाथ यांची मयत मुलगी, पार्वती ही तिची मुलगी, आणि रमेश हा काशिनाथ यांचा मुलगा. मग ते वाक्य असे होईल:

> मयत काशिनाथ नामदेव पाटील यांचे वारस (१) मुलगा रमेश काशिनाथ पाटील आणि (२) नात पार्वती, म्हणजे काशिनाथ यांची मयत मुलगी सुनीता हिची मुलगी, या दोघांनी मौजे पळसे, तालुका व जिल्हा नाशिक येथील गट क्रमांक १४७ या जमिनीवरील, त्यांना वारशाने मिळालेला हक्क लिहून घेणार यांच्या लाभात सोडून दिला आहे.

यात ‘या दोघांनी’ने कर्ते निश्चित केले. ‘सुनीता हिची मुलगी’ हे पार्वतीच्या नावानंतर आल्यामुळे ते रमेशला चिकटू शकत नाही. खऱ्या दस्तात पार्वतीचे पूर्ण नाव, वय आणि पत्ताही येईल, तो इथे गाळला आहे.

‘गट क्रमांक १४७ या जमिनीवरील’ इथे आकड्याला प्रत्यय लावायचे टाळले आहे, तेही पाहा. आकड्यानंतर किंवा कंसानंतर प्रत्यय आला तर तो जोडावा की सुटा ठेवावा, याबाबत छपाईत दोन्ही पद्धती आहेत. कायद्याच्या अधिकृत मराठी पाठांत ‘पोटकलम (१) अन्वये’ असे अंतर ठेवून छापलेले दिसते, मीही तसेच करतो. पण शब्द उपलब्ध असेल तिथे आकड्यानंतर तो ठेवावा आणि प्रत्यय त्याला द्यावा. ‘१४७ क्रमांकाच्या गटातील’ वाचताना कोणी अडत नाही. कायद्याच्या नावातही तेच: अधिनियम पुल्लिंगी, म्हणून ‘अधिनियम, १९०८ याच्या’. संहिता स्त्रीलिंगी, म्हणून ‘संहिता, १९६६ हिच्या’.

जुन्या वळणाच्या दस्तांत ‘यांचे मालकीची’, ‘यांचे नावावर’, ‘घराचे पूर्वेस’ अशी रूपे भेटतात. आजच्या मराठीत पुढच्या नामाला प्रत्यय असेल तर ‘च्या’ येतो: यांच्या मालकीची, यांच्या नावावर, घराच्या पूर्वेस. नव्या मसुद्यात हेच वापरावे. मात्र जुन्या दस्तातला मजकूर उद्धृत करत असाल तर त्यातले ‘चे’ बदलू नका, तो मजकूर आपला नाही.

सही होण्याआधीची तपासणी

मसुदा पूर्ण झाला की संगणकावरच्या शोधाच्या चौकटीत आधी मोकळी जागा, मग ‘ने’, मग पुन्हा मोकळी जागा असे टाइप करून शोधावे. जो सुटा ‘ने’ सापडेल तो जवळजवळ नक्की चूक असतो. तसेच ‘ला’, ‘चा’, ‘ची’, ‘चे’, ‘च्या’, ‘नी’, ‘ना’ यांचे करावे. ‘वर’, ‘खाली’, ‘मागे’, ‘वरील’ हे सुटे सापडले तर प्रत्येक ठिकाणी वाक्य वाचून ठरवावे लागते, कारण ते सुटेही बरोबर असू शकतात. त्यानंतर फक्त नावे घेऊन कागद पुन्हा वाचावा: प्रत्येक नाव सातबाऱ्यावरच्या नावाशी अक्षरशः जुळते का, त्याच्यापुढचा ‘यांनी’, ‘यांना’, ‘यांचे’ नेमका कोणापर्यंत पोचतो, आणि तिथे माणसे किती आहेत. हे वाचन दस्त लिहिणाऱ्याने न करता दुसऱ्या कोणी केले तर जास्त सापडते. लिहिणाऱ्याला खरी नाती माहीत असतात, त्यामुळे त्याला दुसरा अर्थ दिसतच नाही.

मसुद्यात चूक सापडली तर ती एका मिनिटात सुधारते. छापलेल्या प्रतीत सहीच्या वेळी सापडली, तर हाताने केलेल्या दुरुस्तीवर पक्षकारांनी सह्या किंवा आद्याक्षरे करावी लागतात, नोंदणी अधिनियम, १९०८ याच्या कलम २० मध्ये तसे सांगितले आहे. नोंदणी झाल्यावर सापडली तर चूकदुरुस्तीचा वेगळा दस्त करून तोही नोंदवावा लागतो आणि त्यासाठी मूळ दस्तातल्या सगळ्या पक्षकारांनी पुन्हा यावे लागते. तोपर्यंत रमेश आणि पार्वती यांचे पटत नसेल आणि एकाने सही नाकारली, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ याच्या कलम २६ खाली दस्ताच्या दुरुस्तीसाठी न्यायालयात जावे लागते, आणि तिथे दोन्ही पक्षांचा खरा हेतू दस्तात उतरला नाही हे सिद्ध करण्याचा भार दावा आणणाऱ्यावर असतो.